उस्मानी मदरसा: कुठलं पुस्तक कधी, आणि पुढच्या पायरीवर जायचं कसं

प्रश्न: "एमए इतिहास करतोय. उस्मानी साम्राज्याच्या क्लासिकल काळातल्या (साधारण १३०० ते १६००) मदरशांचा सिलॅबस शोधतोय, पण प्रत्येक ठिकाणी लिस्ट वेगळी मिळते. नक्की कुठलं पुस्तक आधी, कुठलं नंतर? कोर्स एकूण किती वर्षांचा होता आणि वरच्या वर्गात जायला परीक्षा असायची का?"

लिस्टा जुळत नाहीत यात तुमची काही चूक नाहीये. बहुतेक लेखांमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकाच तक्त्यात कोंबलेल्या असतात. एक म्हणजे सुरुवातीची अरबी व्याकरणाची पुस्तकं, जी मोठ्या मदरशात पाय ठेवायच्या आधीच वाचून झालेली असायची. दुसरी गोष्ट मदरशांच्या दर्जांची नावं, कारण त्यातले काही दर्जे चक्क पुस्तकांच्या नावाने ओळखले जायचे आणि मग लोकांना वाटतं की त्या दर्जाला तेवढं एकच पुस्तक होतं. तिसरी म्हणजे १५६५ सालची सुलेमान सुलतानाच्या फर्मानातली यादी. त्यात ३९ पुस्तकं आहेत, पण ती शाही मदरशांच्या मुदर्रिसांसाठी म्हणजे शिकवणाऱ्यांसाठी आहे. तिच्यात पायरीपायरीचा क्रम शोधायला गेलात तर फसाल. या तीन गोष्टी वेगळ्या केल्या की गुंता बराच सुटतो.

मी गेली बावीस वर्षं अरबी-फारसी हस्तलिखितांचं कॅटलॉगिंग करते, त्यातली निम्मीअधिक असली शिकायची पुस्तकंच असतात, त्यामुळे हे सगळं मी कागदाच्या बाजूने बघते. तुम्ही दरबारी कागदपत्रांवरून काम करत असाल तर जोर थोडा वेगळीकडे येईल. आणि शहर, मुदर्रिस, काळ यांनुसार फरक पडायचाच, १४०० चं बुर्सा आणि १५८० चं इस्तंबूल एक नाही. त्याच काळात कैरो-दमास्कसकडे तर अशी ठरलेली शिडी नव्हतीच, तिथे कोणाकडे काय वाचलंत याची इजाजत त्या गुरूकडून मिळायची, संस्थेकडून नाही. उस्मान्यांनी वेगळं काय केलं तर ही गुरू-शिष्याची जुनी पद्धत तशीच ठेवली आणि तिच्याभोवती सरकारी पगाराची शिडी उभी केली.

आधी तळापासून सुरू करू. तुर्की बोलणारा मुलगा, गावच्या मक्तबमध्ये कुराण वाचायला शिकलेला, अर्थ कळत नाही. त्याला अरबी यायला पाहिजे. पहिलं सर्फ, म्हणजे शब्दरूपं. हातात पडतं ते 'अमसिला' नावाचं अगदी छोटं पुस्तक, नसर म्हणजे मदत करणे या एकाच धातूची चोवीस वेगवेगळी रूपं, नसर, यन्सुरु, नस्रन असं पाठ म्हणत जायचं. आपल्याकडे पाठशाळेत रामः रामौ रामाः घोकतात तसंच. मग 'बिना', त्यात क्रियापदांचे पस्तीस साचे. त्यानंतर 'मकसूद', 'इज्जी', 'मराह'. सर्फ झालं की नह्व म्हणजे वाक्यरचना. तिथे आधी अब्दुल काहिर जुरजानीचं 'अवामिल', शब्दाच्या शेवटाला बदलायला लावणारे शंभर घटक, मग 'मिस्बाह', आणि मग इब्न हाजिबचं 'काफिया'. हे सगळं पाठ. समजलं का हा प्रश्न नंतरचा.

इथे एक ठिकाण सांभाळा, बऱ्याच लिस्टा इथेच घसरतात. त्यांच्यात 'अवामिल, इझहार, काफिया' असा क्रम दिलेला असतो आणि दोन्ही आधीची पुस्तकं बिरगिवीची धरलेली असतात. बिरगिवी १५७३ ला गेला. म्हणजे त्याची पुस्तकं तुमच्या काळाच्या अगदी शेवटाला आली आणि नंतरच्या शतकांत सगळीकडे पसरली. १४८० च्या किंवा १५२० च्या विद्यार्थ्याच्या यादीत 'इझहार' दिसलं तर ती यादी नंतरच्या काळातून मागे ढकललेली आहे असं खुशाल समजा. मी कुठल्याही यादीची पहिली तपासणी हीच करते, पुस्तक लिहिणारा जन्माला आला होता का.

आता 'काफिया' वाचणं म्हणजे काय ते एक धडा घेऊन सांगते, कारण याशिवाय 'पुस्तक वाचलं' या शब्दांचा अर्थ लागत नाही. काफियाचं पहिलं वाक्य आहे, "अल-कलिमतु लफ्झुन वुदिअ लिमअनन मुफरद." शब्द म्हणजे एकेरी अर्थासाठी योजलेला उच्चार. झालं, इतकंच. पाठ करणारा मुलगा दोन मिनिटांत पुढे जातो. पण तोच मुलगा वर्ष-दोन वर्षांनी त्याच वाक्याकडे परत येतो, तेव्हा त्याच्या हातात काफियावरची शरह म्हणजे टीका असते, १४९२ नंतर बहुतेक वेळा हेरातच्या जामीची, जी त्याने आपल्या मुलासाठी लिहिली. आणि मग या एका वाक्यावर अख्खा धडा जातो. लफ्झ म्हणजे मुळात काय? फेकणं. जामी उदाहरण देतो, मी खजूर खाल्ला आणि बी फेकली, तिथे हेच क्रियापद येतं, तसा तोंडातून फेकलेला तो लफ्झ. बरं, कलिमा स्त्रीलिंगी आहे मग लफ्झ पुल्लिंगी का ठेवलं? मग शेवटचा शब्द मुफरद, एकेरी. एकेरी काय, उच्चार की अर्थ? मुफरदुन वाचलं तर ते उच्चाराचं विशेषण, मुफरदिन वाचलं तर अर्थाचं. मुफरदन वाचता येईल का? अर्थाच्या दृष्टीने मांडता येईल, पण मग लिहिताना शेवटी अलिफ लागला असता आणि तो लिहिलेला नाहीये. शेवटच्या एका स्वराने व्याख्या बदलते हे मुलाला तिथे कळतं. व्याकरण शिकता शिकता तो व्याख्या कशी करायची आणि कशी मोडायची हे शिकत असतो, म्हणजे पुढच्या मंतिकची, तर्कशास्त्राची तयारी आधीच सुरू झालेली असते.

ही जी रचना आहे, मूळ पाठ म्हणजे मत्न, त्यावर शरह, आणि शरहवर हाशिया, ती मराठी वाचकाला परकी वाटायला नको. पाणिनीची सूत्रं, त्यांच्यावर भट्टोजी दीक्षितांची कौमुदी, कौमुदीवर नागेशभट्टांचा शेखर, हाच प्रकार. हाशिया शब्दाचा अर्थच मुळी कड, समास. आधी कोणीतरी समासात लिहिलेलं असतं, मग तेच वेगळं पुस्तक होतं आणि त्याच्याही समासात पुढची पिढी लिहिते.

व्याकरणानंतर मंतिक. पहिलं पुस्तक अब्हरीचं 'ईसागोजी', पाचसात पानांचं. त्यावर मुल्ला फनारीची शरह प्रसिद्ध आहे, आणि तिच्याबद्दल सांगतात की वर्षातल्या अगदी छोट्या दिवसांपैकी एका दिवशी सकाळी लिहायला घेतली आणि मगरिबच्या अजानपर्यंत संपवली. मग कातिबीची 'शम्सिया' शरहसकट आणि त्यावर सय्यद शरीफ जुरजानीचा हाशिया. (हा जुरजानी वेगळा, १४१३ ला वारलेला, वरच्या 'अवामिल'वाल्याशी गल्लत करू नका, ही गल्लत मी छापील कॅटलॉगमध्येसुद्धा पाहिलीय.) इथपर्यंतचा टप्पा मुलगा आपल्या गावात, वडिलांकडे, काकाकडे, किंवा छोट्या मदरशात पार करायचा. या मुलांना सूख्ते किंवा सोफ्ता म्हणायचे. हे कुठल्याही सरकारी तक्त्यात येत नाही, आणि आयुष्यातली सगळ्यात जास्त वर्षं मात्र इथेच जायची.

आता शिडी. मेहमद फातिहने इस्तंबूल घेतल्यावर १४६३ ते १४७० मध्ये जी मशीद बांधली तिच्या दोन्ही बाजूंना आठ मदरसे उभे केले, ते सहन-ए-समान. त्यांच्या मागे आठ छोटे, तयारीचे, त्यांना ततिम्मा म्हणत. आणि सगळ्या राज्यातल्या मदरशांची एक उतरंड लागली, ती मुदर्रिसच्या रोजच्या पगारावर. वीस अक्चेवाला, तीसवाला, चाळीसवाला, पन्नासवाला. अक्चे म्हणजे चांदीचं छोटं नाणं. वीसच्या मदरशांना 'हाशिया-ए-तज्रीद' म्हणत, तीसच्यांना 'मिफ्ताह', चाळीसच्यांना नुसतंच चाळिशी. त्याच्यावर पन्नासचे, पण त्यातही आधी खारिज म्हणजे बाहेरचे, मग दाखिल म्हणजे आतले, आणि त्यावर सहन. सुलेमानने १५५० च्या दशकात सुलेमानिया बांधलं तेव्हा सहनच्याही वर पायरी झाली.

तर नावांचा घोळ इथे आहे. 'हाशिया-ए-तज्रीद' हे पुस्तक म्हणजे कलामचं, श्रद्धाशास्त्राचं, पण फार तत्त्वज्ञानी वळणाचं. मूळ मत्न नसीरुद्दीन तूसीचं 'तज्रीद', त्यावर इस्फहानीची शरह, आणि तिच्यावर सय्यद शरीफचा हाशिया, म्हणजे तिसरा मजला. वीस अक्चेच्या मुदर्रिसने हे शिकवावं अशी अपेक्षा, म्हणून मदरशाला ते नाव. 'मिफ्ताह' म्हणजे सक्काकीचं अलंकारशास्त्राचं पुस्तक, पण प्रत्यक्षात वाचायचे ते त्याच्या तिसऱ्या भागावरची सय्यद शरीफची शरह. पण वीसच्या मदरशात फक्त कलाम आणि तीसच्यात फक्त अलंकार असं अजिबात नाही. दोन्हीकडे फिकह म्हणजे धर्मकायदा चालायचा, हदीस चालायची. नाव हे त्या पायरीवरच्या सगळ्यात अवघड पुस्तकाचं समजा, मैलाचा दगड म्हणून, वेळापत्रक म्हणून नाही.

वर वर जाताना पुस्तकांचा कल कसा बदलतो ते मात्र स्पष्ट दिसतं. खाली भाषा आणि तर्क, मध्ये अलंकार, कलाम आणि फिकहची 'शरह-ए-विकाया', वर गेलं की फिकहची 'हिदाया', उसूलचं म्हणजे कायद्याच्या मूळ तत्त्वांचं 'तल्वीह', कलामची 'शरह-ए-मवाकिफ', हदीसमध्ये आधी 'मसाबीह' मग बुखारी, आणि कुराणाची तफसीर, जमख्शरीची किंवा बैदावीची. बऱ्याच लोकांना हे उलटं वाटतं, की मदरसा आहे म्हणजे कुराण-हदीसपासून सुरुवात असणार. पठण सुरुवातीलाच, हो, पण कुराणाचा अर्थ लावणं सगळ्यात शेवटी. कारण जमख्शरीची तफसीर उघडली की तो पहिल्या पानापासून वाक्यरचना आणि अलंकाराच्या भाषेत बोलतो, ज्याची मुतव्वल-मिफ्ताह ही अलंकाराची पुस्तकं झालेली नाहीत त्याला तिथे काहीही कळणार नाही. म्हणजे क्रम कोणाच्या हुकमाने ठरला नव्हता, वरचं पुस्तक खालच्या पुस्तकाची भाषा वापरतं म्हणून ठरला होता. हे लक्षात ठेवलंत तर कुठलीही विस्कळीत लिस्ट तुम्ही स्वतः क्रमाने लावू शकाल.

आता एका खऱ्या माणसाचा प्रवास बघू, म्हणजे वर्षांचा प्रश्न पण सुटेल. ताशकोप्रूजादे, जन्म १४९५, बुर्सा. याने उस्मानी विद्वानांचा मोठा चरित्रकोश लिहिला, 'शकाइक', आणि त्याच्या शेवटी स्वतःची हकीगत दिलीय. ती मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला देते कारण माणूस काय वाचलं एवढंच सांगत नाही, कोणाकडे आणि कुठून कुठपर्यंत तेही सांगतो. लहानपणी बुर्सात एका गुरूकडे सर्फची मकसूद, इज्जी, मराह आणि नह्वची अवामिल, मिस्बाह, काफिया, तीही पाठ. मग घरच्याच माणसांकडे मंतिक आणि पुढचं. तज्रीदचा हाशिया सुरुवातीपासून एका ठराविक चर्चेपर्यंत एकाकडे. मिफ्ताहची शरह दुसऱ्याकडे, तीही एका प्रकरणापासून दुसऱ्या प्रकरणापर्यंत. मवाकिफचा ईश्वरविषयक भाग तिसऱ्याकडे. खगोलासाठी तो मीरिम चेलेबीकडे गेला आणि अली कुश्जीचं 'फतहिया' वाचलं, मीरिम हा त्या कुश्जीचाच वंशज, म्हणजे घरातलं पुस्तक घरातल्या माणसाकडून.

बघा, यात 'अमुक मदरशात शिकलो' असं मुख्य वाक्य नाहीच. अमुक पुस्तक, अमुक माणूस, इथून तिथपर्यंत. आणि पुस्तक क्वचितच अखंड वाचलंय. त्या काळातली ही नेहमीची पद्धत, तो अभ्यास अर्धवट सोडणं नव्हे. एका गुरूकडे अवघड भागाची चावी मिळाली की उरलेलं स्वतः वाचता यायला हवं, त्याला मुतालआ म्हणायचे, आणि धड्याला बसायच्या आधी रात्री मुतालआ करून येणं अपेक्षितच असायचं.

१५२५ मध्ये, म्हणजे तिशीत, त्याला पहिली नेमणूक मिळाली, दिमेतोकाच्या मदरशात. तिथे शिकवलं काय? तफ्ताजानीच्या 'मुतव्वल'मधला एक भाग, तज्रीदच्या हाशियाचा सुरुवातीचा भाग, आणि वारसाहक्काचा हिशोब, फराइज. त्यानंतर इस्तंबूलच्या मदरशात गेला तर तोच तज्रीदचा हाशिया त्याने जिथे सोडला होता तिथून पुढे घेतला. मला हे वाचताना पहिल्यांदा फार नवल वाटलं होतं, कारण मुलं तर वेगळी होती! पण पुस्तक हा मुदर्रिसचाही प्रवास होता, तो स्वतः शिकवत शिकवत पुढे सरकायचा. मग उस्कूब म्हणजे आजचं स्कोप्ये, तिथे उसूल, हदीस, फिकह वाढलं. १५३९ मध्ये सहनच्या आठांपैकी एका मदरशात पोचला, तोवर त्याच्या धड्यांत बुखारी, हिदाया आणि तल्वीह आलेली होती, तज्रीद मागे पडली होती. १५४५ मध्ये बुर्साचा काझी, १५५१ मध्ये इस्तंबूलचा काझी. १५५४ मध्ये डोळे गेले. 'शकाइक' त्याने त्यानंतर सांगून लिहवून घेतलं.

म्हणजे किती वर्षं? पहिल्या धड्यापासून पहिल्या पगारापर्यंत वीसेक वर्षं आणि तिथून सहनपर्यंत आणखी चौदा, आणि हा विद्वान बापाचा मुलगा, काका-मामांचा आधार असलेला. ठरलेल्या वर्षांचा कोर्स असा नव्हताच, त्यामुळे 'उस्मानी मदरसा अभ्यासक्रम अमुक वर्षांचा' हे वाक्य पेपरमध्ये टाकू नका.

परीक्षेबद्दल. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जायला आपल्यासारखी वार्षिक परीक्षा नव्हती. मुदर्रिस चिठ्ठी द्यायचा, तमस्सुक (हो, आपल्या पेशवाई कागदांतला तोच शब्द, तिथे कर्जाचा, इथे वाचनाचा), की या मुलाने माझ्याकडे अमुक पुस्तक अमुक ठिकाणापर्यंत वाचलं. ती घेऊन तो वरच्या मदरशात जागा मागायचा. सहनला पोचलेल्या विद्यार्थ्याला दानिशमंद म्हणायचे. प्रत्येक मदरशात अशा पंधरा जणांची सोय, प्रत्येकाला खोली, रोज दोन अक्चे आणि लंगरखान्यातून म्हणजे इमारतमधून जेवण. त्यांच्यातला सगळ्यात तयार मुलगा मुईद, त्याला रोज पाच अक्चे. मुदर्रिस सकाळी सांगून जाणार आणि मुईद तोच धडा इतरांकडून परत वदवून घेणार. मुदर्रिसला तिथे रोज पन्नास. पंधरा खोल्या म्हणजे पंधराच मुलं, त्यामुळे गळती वरच्या पायरीवर नव्हती, खाली होती, सोफ्ता लोकांची गर्दी ततिम्मांच्या दाराशी अडकलेली असायची.

खरी अडवणूक शिक्षण संपल्यावर यायची. दानिशमंदाची मुलाझिम म्हणजे नोकरीचा उमेदवार म्हणून नोंद व्हावी लागायची, काझीअस्कर या वरिष्ठ न्यायाधिकाऱ्याच्या वहीत. १५३७ च्या सुमाराला, अबुस्सुऊद रुमेलियाचा काझीअस्कर असताना, या नोंदींना शिस्त लागली, बड्या उलमांना ठराविक वर्षांनी पाळी यायची आणि तेव्हा ते आपापल्या मुलांची नावं द्यायचे. मग वर्षानुवर्षं वाट बघायची. आणि शेवटी एक वळण, वीस अक्चेचा मदरसा घ्यायचा की छोट्या कसब्याचं काझीपद. काझीपदात पैसे लवकर दिसायचे, पण त्या वाटेने गेलेला सहसा छोट्या गावांतच फिरत राहायचा. मोठ्या शहराचं काझीपद हवं असेल तर शिकवत शिकवत सहनपर्यंत चढावं लागायचं, ताशकोप्रूजादे गेला तसं. परीक्षा व्हायच्या त्या इथे, एका रिकाम्या जागेसाठी तीन-चार मुदर्रिस असले की, काझीअस्करांसमोर, हिदाया किंवा तल्वीहमधला अवघड उतारा देऊन.

आता बिघडलं कुठे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात फर्मानं निघायला लागली की दानिशमंद पुस्तकं पूर्ण न करता वरच्या मदरशात उड्या मारतायत. १६३० च्या आसपास कोची बेगने सुलतान मुरादला लिहून दिलं की मुलाझमत म्हणजे ही उमेदवारीची नोंद विकत मिळते. आणि काही वर्षांनी कातिब चेलेबीने तक्रार केली की तज्रीदचा हाशिया आणि मवाकिफ ही पुस्तकं 'तत्त्वज्ञान' म्हणून काढून टाकली आणि त्यांच्या जागी फिकहचीच पुस्तकं आणली. हे शेवटचं वाक्य पुस्तकांतून सारखं उचललं जातं आणि त्यावर 'उस्मान्यांनी बुद्धीचे दरवाजे बंद केले' अशी मोठी इमारत उभी राहते. मला ते पटत नाही. सतराव्या शतकातली मंतिक आणि कलामची हस्तलिखितं मी भरपूर हाताळलीत, नव्या शरहा, नवे हाशिये, नव्या प्रती, थांबलेलं काहीच दिसत नाही. कातिब चेलेबीने आपल्याभोवती जे पाहिलं त्याची खंत खरी असेल, पण एका माणसाच्या खंतेवरून शतकाचा निकाल लावायचा नाही.

हस्तलिखितांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट दाखवते. काफिया-जामीची किंवा शम्सियाची एखादी वापरलेली प्रत घ्या, कुठल्याही चांगल्या संग्रहात स्कॅन मिळेल. पहिली वीस-पंचवीस पानं समासात टिपांनी गच्च भरलेली, ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात अर्थ, सर्वनामाखाली ते कोणासाठी आलंय त्याची खूण. मूळ मत्नावर लाल रेघ ओढलेली, म्हणजे शरहमधून मत्न वेगळं दिसावं. मग समास हळूहळू मोकळा होत जातो. आणि एके ठिकाणी 'बलग' असा छोटा शब्द, म्हणजे 'पोचला', वाचन किंवा ताळा इथपर्यंत आला. त्याच्या पुढे कोरं. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रतींमध्ये असं मधेच थांबलेलं वाचन हे शेवटपर्यंत भरलेल्या समासापेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसलंय. ताशकोप्रूजादेचं 'इथून तिथपर्यंत' तेच कागदावर असं दिसतं.

प्रतीच कमी होत्या हेही विसरू नका. मुल्ला फनारी (१४३१ ला गेला) बुर्सात मुदर्रिस होता तेव्हा सुट्ट्या मंगळवार आणि शुक्रवार अशा दोन होत्या. त्याने सोमवार वाढवून दिला. कारण तफ्ताजानीची पुस्तकं मुलांना वाचायची होती आणि ती विकत मिळत नव्हती, स्वतः उतरवून काढायला दोन दिवस पुरत नव्हते. म्हणजे एखादं पुस्तक अभ्यासात कधी आलं हे विचारताना ते त्या शहरात कधी पोचलं हेही विचारावं लागतं.

दख्खनचा संबंध विचारायचा मोह तुम्हाला होईल म्हणून आधीच सांगते. बिदरला महमूद गवानने १४७२ मध्ये मदरसा बांधला, तोच गवान मेहमद फातिहशी पत्रव्यवहार करत होता, जामीशीही करत होता. सहन आणि बिदर जवळपास एकाच वेळचे आहेत. जामीची काफियावरची शरह तर नंतर हिंदुस्थानातल्या मदरशांतही कायमची बसली, आजही शरह-ए-जामी म्हणून शिकवतात. पण बिदरमध्ये पायरीपायरीने काय शिकवलं जायचं ते उस्मानी शिडीवरून ओढून आणू नका, तिथे पगाराची ती उतरंड आणि मुलाझमतची वही नव्हती.

पेपरसाठी माझं म्हणणं असं की तक्ता एक न करता दोन करा. एकात मदरशांचे दर्जे आणि पगार, फातिहपासून सुलेमानियापर्यंत. दुसऱ्यात फक्त ताशकोप्रूजादे, डावीकडे तो विद्यार्थी असताना वाचलेलं, उजवीकडे मुदर्रिस असताना शिकवलेलं, साल आणि गावासकट, आणि प्रत्येक पुस्तकापुढे कुठून कुठपर्यंत हा रकाना. तो रकाना भरायला वेळ लागेल, अरबी येत नसेल तर 'शकाइक'चा तुर्की अनुवाद मिळतो, शेवटची काही पानंच बघायचीत. अडलात तर उतारा इथे टाका, मी बघून सांगते.